कर्जाच्या कागदावर ५ लिहायचा की 5?

फैजपूरचं एक घर केळीच्या वेफर्सचं यंत्र घेण्यासाठी कर्ज काढत होतं. कर्जदार मुलगा, जामीनदार त्याचे वडील, आप्पा. बँकेचे कागद इंग्रजीत होते आणि मराठी भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. मुलगा आकडे 1, 2, 3 असेच वाचतो. मोबाइल, पासबुक, बँकेचा मेसेज, सगळीकडे त्याला तेच दिसतात. आप्पा शाळेत शिकले ते १, २, ३. पंचांग आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचणारे. कागद एक, सह्या दोन, आणि दोघांच्या डोळ्यांना सवयीचे आकडे वेगवेगळे. या धंद्यात नवीन येणारा माणूस मला पहिल्याच आठवड्यात विचारतो, "भाऊ, आकडे मराठी ठेवायचे की इंग्रजी?" त्याला मी हाच कागद दाखवतो.

आधी एक वाद मिटवू. "संविधानात इंग्रजी आकडेच सांगितलेत" असं कोणी ना कोणी म्हणतंच. संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या राजभाषेसाठी "भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप" सांगितलं आहे. ती तरतूद केंद्राच्या शासकीय कामापुरती आहे. राज्याची राजभाषा राज्य ठरवतं, आणि आपल्याकडे त्यासाठी १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आहे. खाजगी कर्ज-करारात आकडे कोणत्या रूपात लिहावेत याचं उत्तर यातून मिळत नाही. गंमत एवढीच की आपण ज्यांना "इंग्रजी आकडे" म्हणतो त्यांना संविधान भारतीयच म्हणतं. तेव्हा अस्मिता बाजूला ठेवा आणि कागदाकडे बघा. मी पुढे सोयीसाठी "मराठी आकडे" आणि "इंग्रजी आकडे" हेच बोलीतले शब्द वापरतो.

आकड्याचं काम काय ते आधी विचारा

कागदावरच्या प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा माणूस वाचून समजून घेणार आहे, की दुसऱ्या कुठल्या तरी कागदाशी किंवा पडद्याशी जुळवणार आहे?

रक्कम, व्याजदर, मुदत, हप्ता, दंड, कलम क्रमांक, तारीख हे वाचायचे आकडे. माणूस ते वाचून ठरवतो की सही करायची की नाही. ते मराठीत द्यावेत. खाते क्रमांक, पॅन, आधार, आयएफएससी, प्रस्ताव क्रमांक, यंत्राचा सिरियल नंबर हे जुळवायचे आकडे. त्यांचा अर्थ कोणी लावत नाही; कोणीतरी ते जसेच्या तसे टाइप करतं किंवा समोरच्या कागदाशी एकेक अंक ताडून पाहतं. ते मुळात असतील तसेच, इंग्रजीत ठेवावेत.

यामागे नुसती शिस्त नाही, कारण आहे. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचव्या जागी शून्य, मग शाखेचे सहा. समजा `ABCD0123456` असा कोड आहे. भाषांतरात तो `ABCD०१२३४५६` झाला तर माणसाला तो वाचता येईल, पण पैसे पाठवण्याच्या पडद्यावर चिकटवला तर चालणार नाही. संगणकाच्या लेखी 0 आणि ० ही दोन वेगळी अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये इंग्रजी आकड्यांच्या जागा `U+0030` पासून सुरू होतात आणि देवनागरीच्या `U+0966` पासून. शून्याच्या बाबतीत तर डोळ्यालाही फरक कळत नाही, म्हणून चूक झाली तरी कागद तपासताना ती सापडत नाही.

मधल्या जागेवरचे आकडेही असतात. गट क्रमांक हा त्यातला एक. तलाठी तो वाचतो, आणि उताऱ्याशी जुळवतोही. माझा रिवाज असा: मजकुरात नुसता उल्लेख असेल तर मराठीत, आणि सोबत उतारा जोडलेला असेल तर उताऱ्यावर जसा छापलाय तसा. गट क्रमांकाच्या मागे तिरपी रेघ किंवा "अ", "ब" असेल तर ते मुळीच हलवायचं नाही.

आप्पांचा कागद

आता तोच कागद पायरीपायरीने घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जाला बँकेने मुख्य तथ्य विवरण द्यावं लागतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या कर्जांना हे लागू झालं. त्यामुळे आपल्या भागात या कामाची गरज वाढली आहे. या विवरणात व्याजदर, वार्षिक टक्केवारी दर, शुल्कं, प्रत्येकाला वेगळा मिळणारा प्रस्ताव क्रमांक आणि शेवटी हप्त्यांचं वेळापत्रक असतं.

आप्पांच्या कागदावरचे मुख्य आकडे (उदाहरणासाठी सोपे केलेले) असे: कर्ज साडेसात लाख, दर साल ११.२५ टक्के, मुदत ६० महिने, हप्ता १६,४०० रुपये.

पहिली पायरी पेन्सिलीची. इंग्रजी मूळ प्रत छापून घ्या आणि जुळवायच्या प्रत्येक आकड्याभोवती गोल काढा. या कागदावर गोल पडले ते प्रस्ताव क्रमांक, कर्ज खातं, दोघांचे पॅन, आयएफएससी आणि यंत्राच्या कोटेशनचा नंबर यांच्याभोवती. गोलातलं काहीही बदलायचं नाही. हे भाषांतर सुरू करायच्या आधी करा, नंतर नाही. नवशिका आधी सगळं भाषांतर उरकतो, मग शेवटी "सगळे बदला" करून एका झटक्यात आकडे मराठी करतो, आणि पॅनचा `ABCDE१२३४F` होऊन बसतो.

दुसरी पायरी वाचायच्या आकड्यांची. पहिल्या पानावर मी असं लिहिलं: "कर्जाची रक्कम रु. ७,५०,०००/- (अक्षरी रुपये सात लाख पन्नास हजार फक्त)". स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, लाख-हजारावर. इंग्रजी मूळ प्रत परदेशी सॉफ्टवेअरने काढलेली असेल तर त्यात 750,000 असं येतं. तसंच उतरवून ७५०,००० लिहिलं तर वाचणारा क्षणभर अडखळतो, आणि कर्जाच्या कागदावर वाचणारा अडखळता कामा नये.

अक्षरी रक्कम ही शोभेची नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे धनादेश किंवा वचनचिठ्ठीवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरली जाते. कर्जासोबत वचनचिठ्ठी घेतली जाते तिथे हे थेट लागतं. म्हणून मी अक्षरी रक्कम अंकांवरून करत नाही, मूळ इंग्रजीतल्या शब्दांवरून करतो आणि मग अंकांशी ताडून बघतो. दोन्ही एकाच ठिकाणाहून उतरवली तर एक चूक दोन्हीकडे जाते आणि फरकच दिसत नाही.

इथे मराठीचा एक खास खड्डा आहे: एकोणसाठ म्हणजे ५९. इंग्रजी माध्यमातून आलेली पोरं "साठ" ऐकून ६९ लिहितात. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांचंही तेच. कागदात असा शब्द आला की तो मी मोठ्याने वाचतो आणि दुसऱ्याला अंकात लिहायला सांगतो. उलट "साडेसात लाख", "सव्वाअकरा टक्के" हे बोलण्यात अगदी बरोबर, पण कराराच्या मजकुरात नाही. तिथे "अकरा पूर्णांक पंचवीस शतांश टक्के" असं सरळ लिहा. मात्र समजावताना बोलीकडेच जा. आप्पांनी ११.२५ वर बोट ठेवून विचारलं, "हाई काय शे?" मी म्हटलं, "सव्वाअकरा टक्के, आप्पा." मान लगेच हलली. परिपत्रकाप्रमाणे विवरणातला मजकूर समजावून सांगून पोच घ्यायची असते. भाषांतर करणाऱ्याने तो क्षण डोळ्यापुढे ठेवूनच लिहावं.

तिसरी पायरी वेळापत्रकाची, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. साठ ओळी, प्रत्येकीत हप्ता क्रमांक, व्याज, मुद्दल, हप्ता, शिल्लक. पहिली ओळ अशी निघते:

```
1 | 7,031 | 9,369 | 16,400 | 7,40,631
```

(७,५०,००० वर एका महिन्याचं सव्वाअकरा टक्क्यांचं व्याज ७,०३१, हप्त्याच्या १६,४०० मधून ते गेलं की मुद्दलात ९,३६९ जमा.) ही ओळ मराठीत करायची का? माझं मत: नाही. वेळापत्रक कोणी वाचत बसत नाही. दर महिन्याला हप्ता गेला की मुलगा मोबाइलवर आलेला मेसेज आणि पासबुकातली शिल्लक या तक्त्याशी ताडून बघणार. म्हणजे तो जुळवायचाच आकडा झाला. स्तंभांची नावं मराठीत करा, आकडे इंग्रजीत ठेवा. शिवाय तीनशे आकडे हाताने बदलण्यात एखादा चुकणारच.

पण मग पहिल्या पानावर १६,४०० आणि तक्त्यात 16,400 असं दोन रूपांत येतं. ते लपवू नका, सांगून टाका. तक्त्याच्या वर मी एक ओळ टाकली: "या तक्त्यातील आकडे बँकेच्या पासबुकाप्रमाणे 1, 2, 3 या रूपात दिले आहेत. येथील 16,400 म्हणजे पान १ वरील रु. १६,४००/-." आप्पांसाठी एवढं पुरतं. न्यायालयात दाखल होणाऱ्या भाषांतरातही अशीच टीप भाषांतरकाराच्या दाखल्यात टाकावी: मुळात कोणते आकडे होते आणि मी कोणते बदलले. मग उलटतपासणीत कोणी "तुम्ही मूळ कागद बदलला" असं म्हणू शकत नाही.

एका आकड्यात दोन लिप्या कधीच नको

पानावर दोन्ही पद्धती चालतील, तक्त्यात एकच, आणि एका संख्येच्या आत तर नक्कीच एकच. "१2,५०,०००" हे नुसतं कुरूप नाही, धोक्याचं आहे, कारण काही अंक दोन्ही लिप्यांत एकमेकांसारखे दिसतात आणि किंमत मात्र वेगळी. मराठी १ हा घाईत काढलेल्या इंग्रजी 9 सारखा दिसतो. मराठी ४ इंग्रजी 8 सारखा. मराठी ७ कधी 6 वाटतो. छापील कागदात हे कळतं. हाताने लिहिलेल्या जुन्या गहाणखतात कळत नाही. एकदा मी एका हस्तलिखितातला १ हा 9 समजून रक्कम नऊ हजार केली होती. पक्षकाराच्या नातेवाइकाने ती पकडली, मी नाही.

तेव्हापासून हस्तलिखित हाती आलं की आधी त्या लिहिणाऱ्याचे आकडे ओळखायला शिकतो. त्याच कागदावर अशी जागा शोधा जिथे किंमत तुम्हाला नक्की माहीत आहे: तारखेतलं साल किंवा अक्षरी लिहिलेली एखादी रक्कम. त्यावरून त्याचा १ कसा, ४ कसा ते कळतं. स्तंभाखाली बेरीज असेल तर आणखी बरं. शंकेचा अंक एकदा १ धरा, एकदा 9 धरा. बेरीज ज्याने जुळते तो खरा. बेरीज नसेल आणि शंका मिटत नसेल तर चौकटी कंसात "[अंक अस्पष्ट]" लिहा. अंदाज लिहू नका.

नंदुरबार आणि नवापूरकडच्या कामात आणखी एक पाहुणा येतो: गुजराती आकडे. अंकांना शिरोरेघ नसते, त्यामुळे गुजराती ૧, ૨, ૪, ૭, ૮ आणि मराठी १, २, ४, ७, ८ छापील कागदावरही जवळजवळ सारखे दिसतात. सुरतेकडून आलेली जमाखर्चाची फाइल उघडली, त्यातला आकडा उचलून मराठी मजकुरात चिकटवला, तर पानावर काहीच वावगं दिसत नाही. फाइलमध्ये मात्र ती तिसरीच लिपी आहे, आणि पुढे शोधायला गेलात तर तो आकडा सापडत नाही.

डोळ्यांवर नाही, शोधावर भरवसा

भाषांतर झालं की मी फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, शोधाच्या चौकटीत `Regular expressions` वर खूण करतो आणि दोन शोध देतो. पहिला लिप्यांची सरमिसळ शोधतो:

```
[०-९][,.]?[0-9]|[0-9][,.]?[०-९]
```

दुसरा गुजराती अंक:

```
[૦-૯]
```

दोन्ही रिकामे आले पाहिजेत. मग तिसऱ्यांदा फक्त `[0-9]` शोधायचं आणि सापडलेली प्रत्येक जागा पहिल्या पायरीतल्या पेन्सिलीच्या गोलांशी आणि तक्त्याशी जुळवायची. गोल नसलेल्या जागी इंग्रजी आकडा दिसला तर तो राहून गेलेला. गोल आहे पण शोधात आला नाही तर तो चुकून मराठी झालेला. या एका फेरीला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि चुका बहुतेक इथेच सापडतात.

वेळेची चूकही याच फेरीत बघा. सकाळी साडेदहा लिहिताना "१०:३०" ऐवजी "१०ः३०" असं विसर्ग देऊन टाइप केलेलं असतं. दिसायला सारखंच, पण तो विसर्ग आहे, विरामचिन्ह नाही.

आता संगणकाच्या दोन खोड्या. विंडोजमध्ये प्रदेशाच्या सेटिंगमध्ये `Use native digits` नावाची सोय आहे. ती चालू असली की काही प्रोग्राम फाइलमधला 5 पडद्यावर ५ करून दाखवतात. फाइलमध्ये मात्र 5 च राहतो. तुम्ही समाधानाने फाइल पाठवता आणि समोरच्याच्या मशीनवर सगळं इंग्रजीत छापलं जातं. काही जुन्या बिगर-युनिकोड फॉंटांतही असंच होतं: की दाबली 5 ची, दिसला ५, आणि फॉंट बदलताच उघडं पडलं. उपाय साधा. फाइल स्वतःच्या मोबाइलवर पाठवून तिथे उघडून बघा.

दुसरी खोडी वेबसाइट आणि ॲप करणाऱ्यांसोबत काम करताना भेटते. संगणकाच्या भाषाविषयक माहितीत मराठीचे आकडे मुळातच देवनागरी धरले आहेत, हिंदीचे नाहीत. म्हणून बँकेच्या ॲपची भाषा हिंदी केली की आकडे 1, 2, 3 राहतात आणि मराठी केली की आपोआप १, २, ३ होतात. मग कोणीतरी चिडून फोन करतो, "तुम्ही आकडे का बदललेत?" तुम्ही काहीच बदललेलं नसतं. अशा वेळी प्रोग्रामरला एवढंच सांगा:

```
new Intl.NumberFormat('mr-IN').format(750000)
// ७,५०,०००
new Intl.NumberFormat('mr-IN-u-nu-latn').format(750000)
// 7,50,000
```

दुसऱ्या ओळीतलं `nu-latn` आकडे इंग्रजी ठेवतं आणि लाखाचा स्वल्पविरामही जागच्या जागी राहतो. खाते क्रमांक मात्र या यंत्रणेतून कधीच जाऊ देऊ नये. ती संख्या नसून ओळख आहे, आणि संख्या म्हणून हाताळली की सुरुवातीची शून्यं गळून पडतात. एक्सेलमध्येही तेच. वर एक्सेलमध्ये मराठीत टाइप केलेले आकडे मजकूर म्हणून पडून राहू शकतात आणि मग बेरजेत धरले जात नाहीत. म्हणून हिशेब आधी इंग्रजीत पुरा करा, मगच मराठी मजकुरात उतरवा.

सही झाल्यावर चूक दिसली तर

दस्त नोंदणीला जायचा असेल तर आकड्यावर गिरवू नका. ५ चा 5 करायचा असला तरी तो बदलच आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २० प्रमाणे ओळींमधली भर, खाडाखोड किंवा फेरफार असेल तर दस्त करून देणाऱ्यांनी तिथे सही किंवा आद्याक्षरं करावी लागतात, नाहीतर दुय्यम निबंधक तो दस्त नाकारू शकतो. म्हणून चुकलेला आकडा पूर्ण काटून पुढे नवा लिहा, आणि सगळ्यांची आद्याक्षरं घ्या.

आप्पांच्या कागदावर तशी एकच जागा निघाली. तारखेत महिना "०४" च्या ऐवजी "0४" छापला गेला होता. माझ्या शोधात तो आला असता, पण त्या दिवशी घाईत शेवटची फेरी मी बँकेच्या बाकावर बसून नुसत्या डोळ्यांनी केली होती. पान परत छापलं, आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.